वर्ष भरलं म्हणजे बोनस पक्का?

"वर्ष पूर्ण भरलं, आता राजीनामा टाकला तरी बोनस मिळणारच ना?"

बहुतेकदा नाही. बोनसच्या धोरणात 'पैसे देण्याच्या तारखेला नोकरीत असावा आणि नोटीसवर नसावा' अशी अट असते. लोक पहिला अर्धा भाग वाचतात. घात दुसरा करतो.

समजा, वर्ष मार्चअखेर संपलं, बोनस 30 जूनला, कंपनीने देऊ केलेले शेअर 15 जुलैला वेस्ट होणार, म्हणजे तुमच्या मालकीचे होणार, आणि नोटीस 60 दिवसांची. 10 जूनला राजीनामा दिलात तर 30 जूनला तुम्ही पगारावर असूनही बोनस जातो. 1 जुलैला, तोही खात्यात रक्कम दिसल्यावर, दिलात तर वाचतो. शेअरचं मात्र ग्रँटच्या करारात बघा: काही ठिकाणी नोटीसमध्येही वेस्टिंग चालू राहतं, काही ठिकाणी राजीनाम्याच्या दिवशीच थांबतं. थांबत असेल तर राजीनामा 16 जुलैला द्या. दिलेला बोनस कंपनी परत मागू शकते असं कलम आहे का, तेही तपासा.