तलवारीचा घाव नेमका कोणत्या चित्रात लागतो? हिटबॉक्स चालू-बंद करण्याची पार्श्वभूमी

द्विमितीय गेममधला तलवारीचा वार म्हणजे एकामागून एक दिसणारी पाच-सहा चित्रं. हात मागे जातो, तलवार उचलली जाते, पातं फिरतं, पुढे थांबतं आणि हात परत जागेवर येतो. यातल्या दोन-तीन चित्रांतच पातं खरोखर शत्रूपर्यंत पोचलेलं असतं. हात मागे असतानाच समोरचा कोसळला, किंवा पातं अंगातून आरपार जाताना दिसूनही त्याला काहीच झालं नाही, तर खेळणाऱ्याला ते लगेच खटकतं. म्हणून वार लागण्याची अदृश्य चौकट, म्हणजे हिटबॉक्स, फक्त त्या दोन-तीन चित्रांपुरती चालू ठेवतात. ही रीत आजच्या गेम इंजिनांपेक्षा बरीच जुनी आहे.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. अटारी २६०० (१९७७) या यंत्रातली टीआयए चिप पडदा रंगवता रंगवताच कोणत्या दोन वस्तूंचे पिक्सेल एकमेकांवर आले ते नोंदवून ठेवायची. त्या यंत्रावरच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’मध्ये (१९८०) तलवार ड्रॅगनला टेकली की ड्रॅगन मरायचा. तलवार फिरवायची सोयच नव्हती, त्यामुळे ती कायम धारदार असली तरी कुणाचं बिघडत नव्हतं. पुढे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर (१९८३) एकेक पात्र ८ पिक्सेल रुंदीच्या अनेक तुकड्यांनी बनू लागलं. तिथलं हार्डवेअर टकरीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नसे, फक्त शून्य क्रमांकाचा तुकडा पार्श्वभूमीवर आला की कळवायचं. मग टक्कर शोधायचं काम प्रोग्रामकडे आलं आणि पिक्सेलऐवजी आयताकृती चौकटी आल्या. चौकट चित्रापासून सुटी झाली, तेव्हाच ती चित्राशी जुळवून ठेवण्याची जबाबदारीही आली.

या जबाबदारीचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण म्हणजे जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९, अ‍ॅपल टू). यातल्या तलवारबाजीच्या हालचाली त्यांनी ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या १९३८च्या चित्रपटातल्या द्वंद्वाच्या फिल्मवरून उतरवून घेतल्या होत्या. इतक्या खऱ्या हालचालीला ढोबळ हिशोब शोभला नसता. डॉस आवृत्ती उलगडून लिहिलेल्या SDLPoP या मुक्त प्रकल्पात तो हिशोब वाचायला मिळतो. वाराच्या चित्रांना तिथे क्रमांक आहेत: १५१, १५२, १५३ आणि १५४. घाव लागतो तो फक्त १५४व्या चित्रात, ज्यात तलवार पूर्ण पुढे खुपसलेली दिसते.

```c
if (Char.frame == frame_154_poking) {
    if (distance >= min_hurt_range && distance < 29) {
        Opp.action = actions_99_hurt;
    }
}
```

इथे चौकटसुद्धा नाही. दोघांमधलं अंतर खेळाच्या स्वतःच्या एककात २९पेक्षा कमी हवं आणि किमान १२ हवं. समोरच्याने तलवार उपसलेली नसेल, तर किमान मर्यादा ८वर येते. समोरचा १५० किंवा १६१ या अडवण्याच्या चित्रात असेल आणि पल्ल्यात असेल, तर घाव न लागता तलवारीवर तलवार आपटते. वेळ मोजणारं घड्याळ यात कुठेच नाही, सगळा निर्णय चित्राच्या क्रमांकावर होतो. शिवाय लढाई चालू असताना डॉस आवृत्ती सेकंदाला १० पावलं पुढे सरकते आणि प्रत्येक पावलाला चित्र बदलतं. १५४वं चित्र एकदाच तपासलं जातं, म्हणून एका वारात दोनदा घाव लागण्याची भीती उरत नाही.

ही सोय सेकंदाला ६० पावलांच्या खेळांत उरली नाही, कारण तिथे एकच चित्र अनेक पावलं दिसतं. कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये (१९९१) प्रत्येक चित्रासाठी तक्त्यात एक नोंद आहे. चित्र कोणतं, ते किती पावलं दाखवायचं, आणि डोकं, धड, पाय, आक्रमण, धक्का यांच्या चौकटींचे क्रमांक कोणते, हे सगळं तिथे एकत्र असतं. आक्रमणाच्या चौकटीचा क्रमांक शून्य असेल तर त्या चित्रात वार लागत नाही. चित्रकाराने एखादं चित्र दोन पावलं जास्त ठेवलं, तर चौकटही आपोआप तितकाच वेळ टिकते. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची कल्पना आहे.

पुढे युनिटी आणि गोडो यांसारखी सर्वसाधारण इंजिनं आली, तेव्हा चित्रं एका यंत्रणेकडे गेली आणि टक्कर भौतिकीच्या यंत्रणेकडे. कॅपकॉमच्या तक्त्यात एकाच ओळीत असलेल्या गोष्टी अशा दुरावल्या. आजच्या अडचणी बहुतेक याच फुटीतून येतात.

गोडोमधला एक वार घेऊ. त्यात सहा चित्रं आहेत आणि ती अनुक्रमे ६, ४, २, ३, ४ आणि ५ पावलं दिसतात, म्हणजे एकूण २४ पावलं किंवा ०.४ सेकंद. पातं फिरतं तिसऱ्या चित्रात आणि चौथ्यात पुढे थांबतं. म्हणून अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या AnimationPlayer मध्ये, चित्राचा क्रमांक ठरवणाऱ्या Sprite2D च्या frame शेजारीच, चौकट बंद ठेवणाऱ्या CollisionShape2D च्या disabled चाही ट्रॅक ठेवायचा. दहा पावलांनंतर, म्हणजे ०.१६७ सेकंदाला, चौकट चालू करायची आणि ०.२५ला बंद. तिसऱ्या चित्रात पातं डोक्यावरून समोर येताना फिकट चाप काढलेला असतो. त्या चित्राची चौकट संपूर्ण चापावर पसरलेली हवी, नाहीतर उडी मारून आलेला शत्रू दोन चित्रांच्या मधून निसटतो. म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या चित्राला वेगवेगळे आकार द्यावेत.

चौकट आता पाच पावलं जिवंत आहे. प्रत्येक पावलाला स्पर्श तपासून १० गुण कापले, तर एका वारात ५० जातात. त्यासाठी ज्यांना घाव लागला त्यांची यादी ठेवायची आणि ती नव्या वाराच्या सुरुवातीलाच रिकामी करायची. चौकटीचा आकार बदलताना ती रिकामी केली, तर तिसऱ्या आणि चौथ्या चित्रात मिळून दोन घाव लागतात.

दुसरा दोष पकडायला अवघड असतो. AnimationPlayer मुळात पडदा रंगवण्याच्या गतीने चालतो, तर टक्कर भौतिकीच्या पावलावर तपासली जाते. यंत्र मंदावलं की दोन पावलांचं तिसरं चित्र भौतिकीला न दिसताच येऊन जाऊ शकतं. खुणेची गोष्ट अशी की वेगवान संगणकावर वार नेहमी लागतो आणि जुन्या लॅपटॉपवर कधी लागतो, कधी नाही. AnimationPlayer ची प्रक्रिया Physics वर ठेवली की दोन्ही एकाच तालात चालतात.

तिसरा दोष वार मध्येच तुटण्याचा. बाराव्या पावलाला नायकाला मार बसून ‘hurt’ अ‍ॅनिमेशन सुरू झालं, तर ०.२५वरची बंद करण्याची नोंद कधी येतच नाही. चौकट चालूच राहते आणि नुसतं चालत जाऊन शत्रू मरू लागतात. Debug मेनूमधलं Visible Collision Shapes चालू केलं की ही मागे राहिलेली चौकट पडद्यावर स्पष्ट दिसते. त्यावर इलाज असा की ‘hurt’, ‘run’, ‘idle’ अशा प्रत्येक अ‍ॅनिमेशनमध्ये disabled चा ट्रॅक ठेवायचा आणि त्याच्या शून्याव्या क्षणाला true लिहायचं.