अशुक्राणुता (ॲझूस्पर्मिया)

वीर्यात एकही शुक्राणू न सापडणे या स्थितीला अशुक्राणुता म्हणतात. बोलताना ‘निल शुक्राणू’ असाही शब्द वापरला जातो. एकूण पुरुषांपैकी साधारण १ टक्का आणि मूल होत नाही म्हणून तपासणीला येणाऱ्या पुरुषांपैकी १० ते १५ टक्के पुरुषांमध्ये ती आढळते. वीर्य बाहेर पडते, रंग आणि प्रमाण बहुधा नेहमीचेच असते, लैंगिक क्षमतेतही काही कमी नसते. त्यामुळे तपासणी होईपर्यंत शंकाही येत नाही.

निदान

एका अहवालावर हे निदान करत नाहीत. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर, काही आठवड्यांच्या अंतराने, किमान दोन नमुने तपासतात. साध्या थेंबात शुक्राणू दिसला नाही, तर नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट बळाने १५ मिनिटे फिरवतात आणि तळाशी बसलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही पायरी गाळणे ही प्रयोगशाळेतली नेहमीची चूक. साक्यात चारदोन शुक्राणू जरी सापडले, तरी ते गोठवून ठेवता येतात आणि शस्त्रक्रिया टळू शकते. दुसरी चूक घरी होते: स्खलनाचा पहिला थेंब बाटलीबाहेर सांडतो. बहुतेक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात, म्हणून तसे झाले असेल तर ते सांगून नमुना पुन्हा द्यावा.

वाट बंद, की निर्मितीच बंद?

पुढचा सगळा मार्ग या एका प्रश्नावर ठरतो. वृषणात शुक्राणू तयार होत असून ते बाहेर येण्याची वाट अडलेली असेल, तर ती अवरोधजन्य अशुक्राणुता. वृषणातच ते तयार होत नसतील किंवा अगदी तुरळक होत असतील, तर ती अनवरोधी. दुसरा प्रकार जास्त आढळतो.

उत्तराचा बराचसा भाग साध्या तपासणीतच मिळतो. वीर्याचे प्रमाण १.५ मिलिलिटरपेक्षा कमी, ते आम्लधर्मी आणि त्यात फ्रुक्टोज नाही, असे असेल तर शुक्राशय या ग्रंथीचा स्राव वीर्यात येत नाही, असा अर्थ निघतो. फ्रुक्टोज आणि अल्कधर्मीपणा हे दोन्ही त्या स्रावातून येतात. अशा वेळी डॉक्टर अंडकोश चाचपून शुक्रवाहिनी हाताला लागते का ते पाहतात. काही पुरुषांत दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात. या दोषाचा संबंध सीएफटीआर या जनुकाशी असतो. सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसांचा गंभीर आनुवंशिक आजार त्याच जनुकाचा. दोघांतही दोष असेल तर मुलाला तो आजार होऊ शकतो, म्हणून पत्नीचीही ही जनुकीय तपासणी उपचाराआधी करतात. नसबंदीनंतर मात्र वीर्य जवळजवळ पूर्वीइतकेच येते, कारण त्यातला वृषणाकडून येणारा वाटा मुळातच फार थोडा असतो.

निर्मिती बंद असेल तर चित्र वेगळे. वृषण लहान आणि मऊ लागतात, शुक्राणुनिर्मितीला चालना देणारे एफएसएच हे संप्रेरक रक्तात वाढलेले असते. ते ७.६ एककांहून जास्त आणि वृषणाची लांबी ४.६ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर दोष निर्मितीत असण्याची शक्यता दाट. या नियमाला एक फसवा अपवाद आहे. शुक्राणूंची वाढ मधल्याच टप्प्यावर थांबलेली असेल, तर वृषणाचा आकार आणि एफएसएच दोन्ही सर्वसाधारण दिसू शकतात.

एफएसएच आणि त्याच्या जोडीचे एलएच ही दोन्ही संप्रेरके अगदी कमी असतील, तर दोष वृषणाचा नसून पीयूषिका ग्रंथीकडून येणाऱ्या संदेशाचा असतो. येथे शस्त्रक्रियेची घाई करू नये: एचसीजी आणि एफएसएच या संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी बरेचदा काही महिन्यांत, कधी वर्षाहून जास्त काळाने शुक्राणू वीर्यात येतात. शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळेही हाच संदेश बंद पडतो. मूल हवे असलेल्या पुरुषाला ताकद वाढावी म्हणून टेस्टोस्टेरॉन देणे म्हणजे उरलीसुरली निर्मितीही थांबवणे.

एक उदाहरण

समजा, ३२ वर्षांच्या पुरुषाचे दोन्ही नमुने निल आले. वीर्य २.८ मिलिलिटर, अल्कधर्मी; शुक्रवाहिन्या हाताला लागतात; वृषण लहान, प्रत्येकी ८ मिलिलिटर, एफएसएच १९. वाट मोकळी दिसते, निर्मिती कमी आहे. आता दोन जनुकीय चाचण्या शस्त्रक्रियेआधीच करायच्या. पहिली गुणसूत्रांची, कारण एक जादा एक्स गुणसूत्र असलेला क्लाइनफेल्टर दोष अशाच रूपात दिसतो. दुसरी वाय गुणसूत्रावरील तुटीची. शुक्राणुनिर्मितीला लागणारे त्याचे तीन भाग एझेडएफए, एझेडएफबी आणि एझेडएफसी. एझेडएफए किंवा एझेडएफबी हा भाग पूर्ण गळालेला असेल, तर शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते आणि शस्त्रक्रिया करू नये. या पुरुषात फक्त एझेडएफसी गळालेला निघाला, असे धरू. मग साधारण निम्म्या वेळा शुक्राणू सापडतात. मात्र वडिलांचे वाय गुणसूत्र मुलाला जसेच्या तसे मिळते, म्हणजे जन्मणाऱ्या मुलग्यातही ही तूट राहणार. हे जोडप्याला आधी सांगावे लागते.

शुक्राणू काढण्याची शस्त्रक्रिया

वाट अडलेली असेल तर काम सोपे असते. त्वचेतून बारीक सुई अधिवृषणात, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या शुक्राणूंच्या साठवणीच्या नलिकेत, घालून द्रव ओढतात, तिथे मिळाले नाहीत तर वृषणातून. अडथळ्यामागे अधिवृषणाच्या शेपटाकडे साचलेले शुक्राणू जुने, मेलेले असतात. ताजे, हलणारे शुक्राणू उलट त्याच्या डोक्याकडे मिळतात.

निर्मितीदोषात सुई अनेकदा रिकामी येते. निर्मिती सगळीकडे सारखी बंद नसते, मध्येच एखाद्या नलिकेत ती चालू असते. त्यामुळे एका तुकड्यात काही नाही, यावरून वृषण रिकामे ठरत नाही. यासाठी १९९९ मध्ये पीटर श्लेगल यांनी मांडलेली सूक्ष्मदर्शकी पद्धत, म्हणजे मायक्रो-टेसे, वापरतात. भूल देऊन अंडकोशाला छेद घेतात, वृषण बाहेर काढतात आणि त्याचे पांढरे आवरण मधोमध आडवे उघडतात. आवरणाखालच्या रक्तवाहिन्या तुटू नयेत यासाठी छेदाची दिशा महत्त्वाची. मग १५ ते २५ पट मोठे करून नलिका एकेक पाहतात. बारीक, पारदर्शक नलिका सोडून जाड, पांढुरक्या, फुगीर नलिका निवडतात, कारण शुक्राणू असलेच तर त्यांत असतात. काही मिलिग्रॅमचे तुकडे शेजारच्या प्रयोगशाळेत जातात. तिथे भ्रूणतज्ज्ञ ते चिरून द्रावणात शोध घेतात. हा शोध काही तास चालू शकतो.

सापडलेले शुक्राणू बहुधा हलत नाहीत. जिवंत कोणता हे ओळखायला ते कमी क्षारतेच्या द्रावणात ठेवतात. जिवंताची शेपूट वळते. त्यातून निवडलेला एकेक शुक्राणू इक्सी पद्धतीने एकेका स्त्रीबीजात टोचतात. संख्या इतकी कमी असते की नैसर्गिक गर्भधारणा किंवा गर्भाशयात वीर्य सोडण्याचा उपाय येथे उपयोगी पडत नाही. उरलेले गोठवून ठेवतात.

निर्मितीदोषात मायक्रो-टेसेने साधारण ४० ते ५० टक्के पुरुषांत शुक्राणू मिळतात. मिळाले म्हणजे मूल झालेच असे नाही, पुढे स्त्रीबीजांची संख्या आणि पत्नीचे वय मोजावे लागते. शस्त्रक्रियेनंतर रक्त साचणे, जंतुसंसर्ग आणि टेस्टोस्टेरॉन काही महिने घटणे हे धोके असतात. क्लाइनफेल्टरमध्ये ही घट टिकून राहू शकते, म्हणून रक्तपातळी पुन्हा तपासतात. पहिल्यांदा काही मिळाले नाही आणि पुन्हा प्रयत्न करायचा असेल, तर ऊती भरून यायला किमान सहा महिने जाऊ द्यावे लागतात.