लघवीची गोळी चालू आहे आणि पायात गोळे येतायत? आधी पोटॅशियम बघून घ्या

बीपीसाठी, पायावरच्या सुजेसाठी किंवा हार्टसाठी डॉक्टर जी लघवीची गोळी देतात (क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायाझाइड, फ्रुसेमाइड, टॉरसेमाइड अशी नावं तुमच्या पाकिटावर असतील, बीपीच्या गोळीत बरेचदा ती जोडूनच येते) ती शरीरातलं जास्तीचं मीठ आणि पाणी लघवीतून बाहेर काढते, आणि त्या मिठासोबत पोटॅशियमपण निघून जातं. स्नायू आकसायला आणि सैल पडायला हेच पोटॅशियम लागतं, म्हणून ते कमी झालं की रात्री पोटरीत वांब येतात, मांड्या जड होतात आणि जिना चढताना पाय उचलत नाहीत.

आपल्या लॅबमध्ये असे पेशंट खूप येतात आणि बहुतेकांनी तोवर कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन बघितलेल्या असतात. कॅल्शियमने पोटॅशियम भरून येत नाही, तेवढे दिवस फक्त वाया जातात.

उदाहरण घेऊ. समजा पंचवटीतल्या एक ६५ वर्षांच्या आजी आहेत, बीपी उतरेना म्हणून डॉक्टरांनी क्लोरथॅलिडोन १२.५ वरून २५ केली. पुढच्या दोन-तीन आठवड्यात रात्री पोटऱ्या वळायला लागल्या, मग पूजेला खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठताच येईना. त्यात खोकल्यासाठी रोज जेष्ठमधाचा काढा चालू होता. हे मुद्दाम सांगतोय कारण जेष्ठमध रोज घेतला तर पोटॅशियम अजून कमी होतं आणि बीपीपण वाढतं, आणि घरगुती औषध म्हणून हे डॉक्टरांना कोणी सांगतच नाही. पापड-लोणचं-फरसाण भरपूर असेल तर तेही बघा, मीठ जास्त गेलं की या गोळीबरोबर पोटॅशियम जास्तच वाहून जातं.

टेस्टचं नाव सीरम इलेक्ट्रोलाइट्स, त्यात सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही कळतं, उपाशी यायची गरज नाही. सोडियम बघायचं कारण असं की वांब नेहमी पोटॅशियममुळेच येतात असं नाही. सोबत क्रिएटिनिन आणि मॅग्नेशियम डॉक्टरांना विचारून करून घ्या. मॅग्नेशियम वेगळं सांगावं लागतं, इलेक्ट्रोलाइट्समध्ये ते येत नाही. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं. आजींचं आलं २.९, क्रिएटिनिन नॉर्मल, मॅग्नेशियम मात्र १.४ म्हणजे कमी. मॅग्नेशियम कमी असलं की किडनी पोटॅशियम धरून ठेवत नाही, कितीही सिरप प्यालं तरी आकडा हलत नाही, म्हणून दोन्ही एकदमच भरावं लागतं.

रक्त देताना मूठ सारखी उघडमिट करू नका, त्याने पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. सॅम्पलमधल्या पेशी फुटल्या तरी तसंच होतं, म्हणजे खरं ३.१ असेल तरी रिपोर्टवर ३.९ दिसू शकतं आणि आजार लपतो. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' लिहिलं असेल तर दुसरं सॅम्पल द्या, त्याला नाही म्हणू नका.

आजींच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, गोळी परत १२.५ केली, काढा बंद करायला लावला, मॅग्नेशियमची गोळी दिली आणि पोटॅशियम क्लोराइडचं सिरप १५ मिली दोन वेळा. हे सिरप जेवणानंतर आणि ग्लासभर पाण्यात मिसळूनच घ्यायचं, नुसतं घेतलं तर पोटात जळजळतं, उलटी होते. आठवड्याने परत टेस्ट, ३.८ आलं, सिरप बंद. हा डोस त्यांचा होता, तुमचा डॉक्टरच ठरवतील. कोणाकोणाला वारंवार कमी होत असेल तर स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम राखणारी गोळी जोडतात.

नारळपाणी, केळी, मोसंबी, डाळी चांगलंच आहे, पण २.९ वरून वर यायला रोजचं एक केळं पुरत नाही. आणि उलटी बाजूपण लक्षात ठेवा: किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम चढू शकतं, तेही तेवढंच घातक. अशांनी मनाने सिरप, रोजचं नारळपाणी किंवा 'लो सोडियम' मीठ सुरू करू नका, त्या मिठात पोटॅशियमच असतं. लघवीची गोळीही स्वतःहून बंद नको, हार्टच्या पेशंटला त्याने पाणी साचून दम लागतो.

वांब येतायत आणि सोबत छातीत धडधड, चक्कर, श्वास घ्यायला त्रास किंवा हातपाय उचलतच नाहीत असं झालं तर लॅबला येऊ नका, थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. एकाच बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला तर तो पॅरॅलिसिसचा झटका असू शकतो, तिथे तर एक मिनिटही थांबू नका. डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी थोडं कमी आलेलं पोटॅशियमपण त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रिपोर्ट ३ च्या खाली आला तर आम्ही मेसेजची वाट न बघता तुम्हाला फोन करतो, म्हणून फॉर्मवर घरात लगेच उचलला जाईल असाच नंबर लिहा.