पार्श्वभूमी: काखेतला पिवळा डाग आणि ‘ब्लीच’ या शब्दाचा घोळ

पांढऱ्या सुती शर्टाच्या काखेत पडणाऱ्या पिवळ्या डागाला सगळे ‘घामाचा डाग’ म्हणतात. ताजा घाम मात्र जवळजवळ पाणीच असतो आणि त्याला रंग नसतो. त्वचेचं तेल धाग्यात मुरतं, हवेतल्या ऑक्सिजनने खवट होतं आणि घामातल्या प्रथिनांशी जोडलं जाऊन पिवळं पडतं. असा डाग कॉलरवरही दिसतो. पण काखेतला डाग कडक आणि मेणचट होतो, आणि धुण्यागणिक घट्ट बसतो. हे दुखणं विसाव्या शतकातलं आहे.

त्याआधी कपड्याला आतून काढता-घालता येणारी अस्तरं लावून काख वाचवत. 1903 मध्ये अॅल्युमिनियम क्लोराईडचं घामरोधक बाजारात आलं. घाम थांबायचा, पण हे क्षार पाण्यात मिसळले की आम्ल तयार होई आणि कापड विरून जाई. 1940 च्या दशकात त्याजागी अॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट आलं. ते बरंच सौम्य असल्याने कापड फाटणं कमी झालं, डाग मात्र राहिला. अॅल्युमिनियम धाग्यात चिकट जेलसारखं बसतं आणि त्वचेच्या तेलातल्या, तसंच साबणातल्या स्निग्धाम्लांना धरून पाण्यात न विरघळणारा थर बनवतं. कपडे धुण्याची पावडर अल्कधर्मी असते आणि तेवढ्या अल्कात हा थर सुटत नाही. तो आम्लात सुटतो.

खरा गोंधळ ‘ब्लीच’ या शब्दाने घातला. या एका नावाखाली दोन अगदी वेगळी रसायनं विकली जातात. पहिलं क्लोरीनचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्लोरीनने कापड पांढरं करणं सुरू झालं, 1799 मध्ये ब्लीचिंग पावडर आली, आणि आज घरात येतं ते द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट. दुसरं ऑक्सिजनचं. 1907 मध्ये जर्मनीत परबोरेट घातलेली धुण्याची पावडर निघाली. परबोरेटला जवळजवळ उकळतं पाणी लागे. पुढे लोक कोमट पाण्यात धुऊ लागले आणि त्याची जागा हळूहळू सोडियम परकार्बोनेटने घेतली.

पांढऱ्या सुतावर क्लोरीन चालतं हा सल्ला सरसकट खोटा नाही. चहाचा डाग त्याने जातो. काखेत मात्र तो सल्ला उलटतो. हायपोक्लोराइट प्रथिनांशी संयोग पावून स्वतःच पिवळी संयुगं बनवतं, आणि अॅल्युमिनियमच्या थराला हातही लावत नाही. 1950 च्या दशकापासून इस्त्री न लागणाऱ्या कापडावर राळेचा लेप देऊ लागले. त्यातल्या काही लेपांनी क्लोरीन धरून ठेवलं आणि इस्त्री फिरताच कापड पिवळं पडून कमजोर झालं. इतकं होऊनही बाटलीवर नुसतं ‘ब्लीच’ लिहिणं थांबलं नाही, हे चुकीचंच झालं.

म्हणून आज जाणकार आधी आम्ल आणि मग ऑक्सिजन, असा क्रम ठेवतात. समजा वर्षभर वापरलेला शर्ट आहे आणि काखेवर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा वरच राहतो. म्हणजे मेणचट थर आहे. कापड ओलं करून भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब आतल्या बाजूने चोळावेत, दहा मिनिटांनी धुवावं. मग एक लिटर कोमट पाण्यात 20 ग्रॅम सायट्रिक अॅसिड विरघळवून काखा तासभर बुडवाव्यात. कडकपणा इथेच कमी व्हायला लागतो. यानंतर भरपूर पाण्याने खळबळून काढावं, कारण उरलेलं आम्ल पुढच्या पायरीतला अल्क मारतं. शेवटी प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर 50 अंशांच्या पाण्यात 15 ग्रॅम परकार्बोनेट घालून शर्ट तीन-चार तास भिजवावा आणि नेहमीसारखा धुवावा. लोखंडी बादली नको, गंज लागलेल्या जागी कापडाला भोकं पडू शकतात. उरलेलं द्रावण बाटलीत बंद करून ठेवू नये, त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटते.

सायट्रिक अॅसिड किंवा व्हिनेगर हायपोक्लोराइटमध्ये कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो. घरातलं ‘ब्लीच’ नक्की कोणतं हे लेबलावर वाचल्याशिवाय हा क्रम सुरूच करू नये.

डाग ओल्या कापडावर नीट दिसत नाही. शर्ट सावलीत वाळवून पाहावा, पिवळेपणा उरला असेल तर इस्त्री न करता दोन्ही पायऱ्या पुन्हा कराव्यात; उष्णतेने उरलेलं तेल आणखी पिवळं पडतं. दोन फेऱ्यांनंतर थेंब लगेच शोषला जातो, कापड मऊ लागतं, तरीही फिका पिवळा रंग राहतो, तेव्हा थर गेलेला असतो आणि बहुधा सुताचा धागाच बदललेला असतो. असं कापड दोन्ही हातांनी हलकं ताणलं आणि करकरलं, तर पुढची फेरी डागाआधी शर्टच नेईल.