सहकाऱ्याच्या अश्लील बोलण्याची तक्रार: तारखा, शब्द, साक्षीदार आणि कामावरचा परिणाम कसा लिहायचा (इंदूर)

"तो रोज काहीतरी घाणेरडं बोलतो, सगळ्यांना माहीत आहे." लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या, कामाच्या ठिकाणच्या अंतर्गत समितीकडे येणारे अर्ज बरेचदा एवढंच सांगतात. बाई खरं बोलत असते, पण या वाक्यावर समितीला चौकशी करता येत नाही. "मी असं कधीच बोललो नाही" एवढं उत्तर समोरच्याला पुरतं. म्हणून ही माहिती अर्ज कुठे द्यायचा यापेक्षा अर्जात काय लिहायचं यावर जास्त आहे. स्वतःसाठी लिहिणाऱ्या बाईला ती उपयोगी पडेल आणि मैत्रिणीला लिहून देणाऱ्या सहकाऱ्यालाही.

आधी पात्रता. इथे विचार लैंगिक रोखाच्या बोलण्याचा आहे: शरीरावर, कपड्यांवर, नवऱ्याच्या गैरहजेरीवर मारलेले शेरे, दुहेरी अर्थाचे विनोद. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा, ज्याला ऑफिसात सगळे पॉश कायदा म्हणतात, असे शेरे स्पष्टपणे छळात मोजतो. हात लावलेला असलाच पाहिजे असं नाही. तक्रार कोणतीही बाई करू शकते: पक्क्या नोकरीतली, ठेकेदाराकडची, रोजंदारीवरची, अप्रेंटिस, बिनपगारी इंटर्नसुद्धा. साहेब नुसता ओरडत असेल, कामावरून अपमान करत असेल आणि त्यात लैंगिक रोख नसेल, तर हा कायदा लागू होत नाही. ती तक्रार सेवा नियमांखाली किंवा स्थायी आदेशांखाली व्यवस्थापनाकडे जाते. पुरुष कर्मचाऱ्याच्या तक्रारीलाही तीच वाट. पण नोंद ठेवायची पद्धत दोन्हीकडे सारखीच आहे.

जिथे दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला असते, निम्म्या तरी सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारावा. इंदूरकरांसाठी एक गोष्ट महत्त्वाची: जिल्हा कामाच्या जागेचा धरतात, घराचा नाही. तुम्ही सुदामानगरात राहत असाल आणि पीथमपूरच्या छोट्या युनिटमध्ये जात असाल, तर पीथमपूर धार जिल्ह्यात येतं. तुमची स्थानिक समिती धारची.

आता नोंद. दोन वेगळे कागद मनात धरा. एक तुमची खाजगी वही आणि दुसरा समितीला द्यायचा अर्ज. वहीत काहीही लिहा, राग, भीती, रडणं, सगळं. अर्ज मात्र समोरचा माणूस वाचणार आहे, कारण समितीने अर्ज मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत त्याची एक प्रत त्याला पाठवायची असते. साक्षीदारांची नावंही त्यातून त्याला कळतात. म्हणून साक्षीदारांना आधी सांगून ठेवा. त्यांना अंधारात ठेवून नाव घातलं, तर ऐन वेळी "मला काही आठवत नाही" ऐकायला मिळतं.

एक काल्पनिक उदाहरण धरू. सांवेर रोडवरच्या पॅकिंग युनिटमध्ये एक बाई चालान करतात आणि डिस्पॅचचा सुपरवायझर त्यांना बोलतो. त्यांच्या पहिल्या मसुद्यात होतं: "ऑगस्टपासून हे सतत माझ्याशी अश्लील बोलतात, त्यामुळे मला खूप मानसिक त्रास होतो." शेजारी बसून एकेक प्रसंग वेगळा काढल्यावर पहिली नोंद अशी झाली:

"मंगळवार, 12 ऑगस्ट 2025, सकाळी सुमारे 11 वाजता, डिस्पॅचच्या टेबलाजवळ. मी चालानवर सही घ्यायला गेले होते. ते म्हणाले, 'आज इतना सज-धज के किसके लिए आई हो? पति तो बाहर रहता है ना?' मी काही बोलले नाही, कागद घेऊन परत आले. स्टोअरमधला मदतनीस टेबलाच्या दुसऱ्या बाजूला माल मोजत होता. त्याने हे ऐकलं."

शब्द हिंदीत आहेत कारण ते हिंदीत बोलले गेले. आपण मराठी बायका घरी येऊन हीच गोष्ट मराठीत सांगतो आणि अर्जातही तसंच उतरतं. मग साक्षीदाराने ऐकलेलं वाक्य आणि अर्जातलं वाक्य जुळत नाही. बोललेलं जसंच्या तसं, अवतरण चिन्हांत लिहा. शिवी किंवा घाण शब्द असेल तर तोही पूर्ण लिहा, टिंबं देऊन झाकू नका. लाज वाटते हे खरं आहे, पण ते शब्द तुमचे नाहीत. नक्की शब्द आठवत नसतील तर अवतरण चिन्हं काढा आणि "अशा अर्थाचं बोलले" असं लिहा. अंदाजाने गाळलेल्या जागा भरू नका.

तारखेचंही तसंच. वही त्या वेळी ठेवलेली नसेल तर आठवणीला खुंटी हवी असते: पगाराचा दिवस, ऑडिट, सण. याच उदाहरणातला दुसरा प्रसंग त्या बाईंना "झांकीच्या आदल्या संध्याकाळी" एवढाच आठवत होता, कारण दुसऱ्या दिवशीच्या गर्दीमुळे लवकर सुटी मिळेल का याची चर्चा चालली होती. इंदुरात झांकीची मिरवणूक अनंत चतुर्दशीला निघते आणि ती 2025 साली 6 सप्टेंबरला होती, म्हणजे प्रसंग शुक्रवार, 5 सप्टेंबरचा. मग ती तारीख हजेरीच्या मस्टरशी ताडून पाहायची. हे काम कधीच टाळू नका. अर्जातल्या एका तारखेला बाई रजेवर निघाली, तर बाकीच्या खऱ्या तारखांवरही संशय येतो. मेळ बसत नसेल तर "सप्टेंबरचा पहिला आठवडा" लिहिणं चालतं. खोटी नेमकी तारीख त्याहून वाईट.

साक्षीदार दोन प्रकारचे असतात आणि ते मिसळायचे नाहीत. एक, ज्याने स्वतः ऐकलं. दुसरा, ज्याला तुम्ही लगेच सांगितलं. 5 सप्टेंबरला आसपास कुणीच नव्हतं. पण त्या बाईंनी 5 वाजून 52 मिनिटांनी बहिणीला मोबाईलवर सगळं लिहून पाठवलं होतं आणि गेटपाशी एका सहकारी बाईंना सांगितलं होतं. अर्जात तसंच गेलं: "त्या वेळी तिथे कोणी नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांत मी या दोघींना सांगितलं, संदेशाची प्रत सोबत जोडली आहे." एकांतात बोललेल्याचा पुरावा बहुधा याच प्रकारचा असतो आणि समिती तो विचारात घेते. मूळ संदेश पुसू नका, फोन बदललात तरी जुना जपून ठेवा. आणि साक्षीदारांना तयार मजकूर देऊन सह्या घेऊ नका. तीन जबाबांत एकच वाक्य शब्दशः आलं की पढवलेलं आहे हे कुणालाही दिसतं. नियमाप्रमाणे अर्जासोबत साक्षीदारांची नावं आणि पत्ते लागतात. ते काय सांगतात ते समितीसमोर सांगू द्या.

कामावरचा परिणाम लोक शेवटच्या ओळीत उरकतात, खरं तर तो मध्यभागी हवा. कामात अडथळा आणणं, दहशतीचं किंवा अपमानाचं वातावरण तयार करणं, हे कायद्यात स्वतंत्रपणे सांगितलं आहे. "मानसिक त्रास" या दोन शब्दांऐवजी पूर्वी काय करत होतात आणि आता काय बदललं ते लिहा. आपल्या उदाहरणात: "5 सप्टेंबरनंतर मी डिस्पॅचच्या टेबलाकडे जाणं बंद केलं. चालान शिपायाहाती पाठवते, त्यामुळे सह्या दुसऱ्या दिवशी मिळतात. 8 सप्टेंबरला मी पाळी बदलून मागण्यासाठी ईमेल केला. सप्टेंबरात तीन अर्ध्या रजा घेतल्या." यातल्या प्रत्येक वाक्यामागे कागद आहे: चालानचं रजिस्टर, ईमेल, मस्टर. डॉक्टरकडे गेला असाल तर चिठ्ठी आणि पावती ठेवा. भरपाई ठरवताना मानसिक आघात, हुकलेली संधी आणि औषधोपचाराचा खर्च विचारात घेतात.

तिसरा प्रसंग गुरुवार, 18 सप्टेंबरचा, जेवणाच्या सुटीत, दोन जणांसमोर. मुदत इथून मोजायची. तक्रार प्रसंगापासून तीन महिन्यांत द्यावी लागते आणि प्रसंगांची मालिका असेल तर शेवटच्या प्रसंगापासून. म्हणून 18 डिसेंबर 2025 ही तारीख, 12 नोव्हेंबर नव्हे. उशिराचं कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकते. त्या मुदतवाढीच्या भरवशावर मात्र राहू नका. आणि मालिका म्हणून दाखवायची तर प्रसंग तारखेच्या क्रमाने, क्रमांक देऊन लिहा.

कायद्याने ठरावीक छापील फॉर्म दिलेला नाही. साधा कागद चालतो. वर समितीच्या अध्यक्षांना उद्देशून, मग तुमचं नाव, पद, विभाग, त्याचं नाव, पद आणि तुमच्याशी कामाचं नातं, मग प्रसंग, मग परिणाम, मग काय हवं ते, शेवटी सही आणि तारीख. मजकूर हिंदीत लिहिला तर इंदुरात समितीला सोयीचं जातं. पुराव्यांसह सहा प्रती द्यायच्या. तुमची सातवी प्रत पुढे करून तिच्यावर पोच, सही आणि तारीख घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे. काही कारणाने बाईला स्वतः तक्रार करणं शक्य नसेल, तर प्रसंग माहीत असलेला माणूस तिच्या लेखी संमतीने करू शकतो. मैत्रिणीसाठी लिहिताना मजकूर तिला वाचून दाखवा, तिने सांगितलेलं वाक्य "सुधारू" नका, आणि बाहेर चर्चा करू नका. नावं आणि तपशील गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे.

समोरच्याला प्रत मिळाल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. चौकशी 90 दिवसांत पुरी व्हावी लागते, अहवाल त्यानंतर 10 दिवसांत, मालकाची कारवाई 60 दिवसांत. वकील कोणालाच आणता येत नाही. "मिटवून टाका" असा दबाव येतो, तेव्हा हे लक्षात ठेवा: समझोता फक्त तुम्ही मागितला तर, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या बोलीवर कधीच नाही. समझोता नोंदला गेला की पुढे चौकशी होत नाही. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. त्यासाठी जाणूनबुजून खोटं बोलल्याचं चौकशीत ठरावं लागतं.

चौकशी चालू असताना रोज त्याच टेबलाशी जावं लागत असेल तर अर्जातच किंवा वेगळ्या पत्राने अंतरिम सोय मागा. दोघांपैकी एकाची बदली किंवा तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा, अशी शिफारस समिती करू शकते, आणि ही रजा तुमच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. वहीही चालू ठेवा. अर्ज दिल्यानंतर तो काही बोलला, कुणामार्फत निरोप धाडला किंवा तुमचं काम अचानक काढून घेतलं, तर त्याची तारीख आणि शब्द लिहून पुरवणी पत्र द्या, आणि त्याचीही पोच घ्या.