चौकट-मोजणी (पीक-अंदाज)

शेतात ठरावीक मापाच्या काही चौकटी टाकून त्यांतील रोपे मोजणे आणि त्या सरासरीवरून सबंध शेताचे उत्पन्न काढणीपूर्वी अजमावणे, अशी ही पद्धत आहे. वनस्पती मोजण्यासाठी चौकटीचा वापर बहुधा 19व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नेब्रास्का येथे वनस्पतिशास्त्रज्ञ पाउंड व क्लेमेंट्स यांनी रूढ केला. पीक-अंदाजाची भारतीय परंपरा मात्र वेगळ्या वाटेने आलेली दिसते. ब्रिटिश सनदी अधिकारी हबॅक यांनी 1920च्या दशकात बिहार-ओरिसात भातशेतातील लहान त्रिकोणी तुकड्यांची कापणी करून उत्पन्न पाहिले. त्यांच्या कामाचा चौकटीशी थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल.

पुढे खरा वाद झाला तो तुकड्याच्या आकाराबद्दल. सांख्यिकीतज्ज्ञ महालनोबिसांचा कल लहान तुकड्यांकडे होता. दुसरे सांख्यिकीतज्ज्ञ सुखात्मे यांनी 1940च्या दशकात दाखवून दिले की, तुकडा जितका लहान तितका अंदाज फुगतो. लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कड मोठी असते आणि कडेवरचे रोप ‘आत’ धरण्याकडे मोजणाऱ्याचा हात वळतो. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत (स्थापना 1924) काम केलेले वि. गो. पानसे हे सुखात्म्यांचे सहलेखक होते. कृषी-सांख्यिकीवरील त्यांचा संयुक्त ग्रंथ 1954चा आहे. मोठा तुकडा घ्यावा हे सुखात्म्यांचे म्हणणे कापणीपुरते अधिक पटते. रोपे मोजताना मात्र लहान चौकटच परवडते, म्हणून कडेचा दोष आकाराने नव्हे, मांडणीने घालवावा लागतो.

माळव्यातील सोयाबीनमध्ये हा दोष ठळक दिसतो. ओळींतील अंतर 45 सेंमी. असेल, तर एक मीटर रुंदीत सरासरी 2.22 ओळी बसतात. परंतु चौकटीची कड एका ओळीला टेकवली की आत तीन ओळी येतात (0, 45 व 90 सेंमी.वर) आणि अंदाज एकदम 35 टक्क्यांनी चढतो. सोयीसाठी कड ओळीला लावायचा मोह प्रत्येकाला होतो. यावर उपाय म्हणजे 90 सेंमी. रुंद व 111 सेंमी. लांब चौकट, जी जवळपास नेमकी एक चौरस मीटर भरते. तिच्या लांब कडा दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेच्या मध्यावर ठेवल्या की आत बरोबर दोन ओळी येतात. आडव्या कडांपैकी एका कडेवरचे रोप धरावे, समोरच्या कडेवरचे सोडावे.

चौकट कोठे टाकायची हेही आधीच ठरवावे. ती भिरकावणे म्हणजे यदृच्छा नव्हे, कारण फेकणारा दाट पीक पाहूनच फेकतो. शेताची लांबी-रुंदी पावलांनी मोजून चिठ्ठ्यांनी जागा काढाव्यात. क्षेत्रही मोजून घ्यावे. सांगितलेल्या बिघ्यांवर विसंबू नये.

नमुन्यादाखल एक हेक्टरचे काळ्या मातीचे शेत घेऊ. शेंगा भरल्यावर, साधारण सप्टेंबरच्या पूर्वार्धात, आठ चौकटींत रोपे मिळाली : 31, 38, 27, 35, 12, 33, 36, 28. सरासरी 30. सर्व चौकटींतून एका क्रमाने मोजत दर पाचवे रोप उपटले. अशी 48 रोपे झाली, रोपामागे भरलेल्या शेंगा 20, शेंगेत दाणे 2.2. शंभर दाण्यांचे वजन 11 ग्रॅम धरले. 30 × 20 × 2.2 × 0.11 म्हणजे चौरस मीटरमागे सुमारे 145 ग्रॅम, अर्थात हेक्टरी 14.5 क्विंटल. काढणीतील झड 10 टक्के धरल्यास हाती 13 क्विंटल.

12 रोपांची चौकट पाणी साचलेल्या खोलगट भागातली होती. ती ‘अपवाद’ म्हणून वगळली तर 14.5 चे 15.8 होतात, पण खोलगट भाग शेतातच आहे. अशा विरळ जागी सोयाबीन फांद्या फोडते आणि रोपामागे शेंगा वाढतात. म्हणून शेंगा फक्त दाट, भरदार रोपांवर मोजणे चूक, तसेच प्रत्येक चौकटीतून सारखीच पाच रोपे घेऊन साधी सरासरी काढणेही. तशाने विरळ भागाच्या शेंगांना अवाजवी वजन मिळून गुणाकार फुगतो. दर पाचव्या रोपाचा नियम हे आपोआप सावरतो.

एवढे करूनही केवळ रोपांच्या चढउतारामुळे वरील अंदाज सुमारे 11 ते 18 क्विंटल इतका सैल राहतो. हा पल्ला निम्मा करायचा, तर आठच्या जागी बत्तीस चौकटी लागतील. मोजणीनंतर चक्रभुंगा किंवा पिवळा मोझॅक वाढला, शेवटी पाऊस लांबला किंवा दाणे बारीक राहिले, तर बदलतो तो दाण्यांचा आकडा आणि वजन; रोपांची मोजणी अचूक असूनही अंदाज चुकतो. शंभर दाण्यांचे वजन वाणाच्या पत्रकातून उचलण्यापेक्षा पक्व दाणे त्याच शेतातून घेऊन, नीट वाळवून तोलणे बरे.