पार्श्वभूमी: डॉक्सोरुबिसिन, हार्ट आणि डेक्सराझोक्सेनवरची बंदी

डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाने हार्टला इजा होते म्हणून त्याला आयुष्यभराची एक मर्यादा असते हे केमो घेणाऱ्या घरात एव्हाना माहीत असतं, पण तो आकडा किती वेळा हलला ते सहसा कोणी सांगत नाही. औषध अमेरिकेत १९७४ मध्ये मंजूर झालं आणि त्याच्या आदल्या वर्षीच एका रिपोर्टमध्ये ३९९ पेशंटपैकी ११ जणांना हार्ट फेल्युअर झाल्याचं आलं होतं, तेव्हाच शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण ५५० मिलिग्रॅम ही रेघ ओढली गेली (पुढे सगळे आकडे याच मापात). १९७९ मध्ये चार हजारांहून जास्त पेशंटची जुनी कागदपत्रं तपासली तर ५५० ला सुमारे ७ टक्के हार्ट फेल्युअर निघालं, चला, चालण्यासारखं. मग २००३ मध्ये तीन ट्रायल्सचा डेटा एकत्र करून बघितला तर ४०० लाच ५ टक्के, ५५० ला २६ टक्के आणि ७०० ला ४८ टक्के. औषध तेच होतं, फरक मोजण्यात होता. आधी फाइलमध्ये कोणी लिहून ठेवलं असेल तेवढंच मोजलं जायचं, ट्रायलमध्ये पेशंटवर सुरुवातीपासून नजर होती.

नजर ठेवायची कशी हाही प्रश्नच होता. सत्तरच्या दशकात मानेच्या शिरेतून तार घालून हार्टच्या स्नायूचा कण काढायचे आणि मायक्रोस्कोपखाली पेशी किती बिघडल्यात त्याला ग्रेड द्यायचे, अचूक पण दर काही डोसनंतर कोण करून घेणार? मग मुगा स्कॅन आला, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून हार्टचं पंपिंग मोजायचं, १९८७ पर्यंत नियमही आला की इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हार्ट आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, १० पॉइंटने पडून ५० किंवा खाली गेलं की औषध थांबवा. पुढे रेडिएशन नको म्हणून इकोने ती जागा घेतली आणि इथेच घोळ झाला, कारण साध्या टू-डी इकोत काहीही बदललेलं नसताना त्याच माणसाचा आकडा दोन भेटींत १० पॉइंटपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे ज्या फरकावर औषध थांबवायचं तेवढाच मोजण्यातला हेलकावा! थ्री-डी इकोत तो कमी होतो. म्हणून आता स्ट्रेनही बघतात, स्नायू लांबीने किती आकसतो ते. सुरुवातीला उणे २० असलेला स्ट्रेन उणे १६.५ वर आला तर ती साडेसतरा टक्क्यांची घट झाली, १५ च्या वर म्हणून ती खरी धरायची, मग फ्रॅक्शन अजून ५८ दाखवत असलं तरी. सोबत रक्तात ट्रोपोनिन, हार्टच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रोटीन.

पण हे सगळं इजा झाल्यावर कळण्याचं साधन झालं. इजा होऊच नये म्हणून केमोच्याच वेळी द्यायचं, आणि ट्रायल्समध्ये पुन्हा पुन्हा टिकलेलं औषध म्हणजे डेक्सराझोक्सेन, आणि त्याच्याबाबतीत जे झालं ते जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे.

अमेरिकेत ते १९९५ मध्ये मंजूर झालं, पण फक्त पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या आणि डॉक्सोरुबिसिनचे आधीच ३०० घेऊन झालेल्या बायकांसाठी. ही अट का, तर एका ट्रायलमध्ये डेक्सराझोक्सेन घेणाऱ्यांच्या गाठी कमी प्रमाणात आटल्या होत्या. जगण्याच्या कालावधीत फरक नव्हता, नंतरच्या ट्रायल्समध्ये गाठींचा तो प्रकारही तसा दिसला नाही, पण शंका एकदा चिकटली ती चिकटली. मग २००७ मध्ये मुलांच्या हॉजकिन लिम्फोमाच्या दोन ट्रायल्सचा निकाल आला. एकूण ४७८ मुलं, त्यातल्या १० जणांना नंतर दुसरा कॅन्सर झाला आणि त्यातले ८ डेक्सराझोक्सेनच्या गटातले. बहुतेक केसेस ब्लड कॅन्सरच्या किंवा त्याच्या आधीच्या अवस्थेच्या.

आठ विरुद्ध दोन, ऐकायला भयंकरच. पण त्याच मुलांना डॉक्सोरुबिसिनसोबत एटोपोसाइड हे केमोचं आणखी एक औषधही दिलं होतं, आणि डॉक्सोरुबिसिन, एटोपोसाइड, डेक्सराझोक्सेन तिन्ही टोपोआयसोमेरेझ नावाच्या एकाच एन्झाइमवर काम करतात. शिवाय फरक संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीत बसत नव्हता, थोडक्यात हुकला होता. तरी २०११ मध्ये युरोपच्या नियामकाने मुलांमध्ये औषध सरसकट बंद केलं. माझ्या मते इशारा देणं रास्त होतं, सरसकट बंदी नव्हती, कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातलं हार्ट फेल्युअर वीस वर्षांनी दिसतं, ट्रायलच्या तक्त्यात ते येतच नाही.

बंदीचा अर्थ काय ते एका हिशेबात दिसेल. हाडाच्या ऑस्टिओसारकोमात साधारण डॉक्सोरुबिसिनचे ७५ चे सहा डोस असतात, म्हणजे एकूण ४५०. चौदा वर्षांची मुलगी, पृष्ठभाग दीड चौरस मीटर धरू, तर दर वेळी ११२ मिलिग्रॅमच्या आसपास औषध जातं. डेक्सराझोक्सेन त्याच्या दहापट, म्हणजे ११२५ मिलिग्रॅम, पंधरा मिनिटांत आधी द्यायचं आणि ते संपल्यापासून अर्ध्या तासाच्या आत डॉक्सोरुबिसिन द्यायचं, वेळ चुकली तर उपयोग कमी. पुढे पन्नास-साठ वर्षं त्याच हार्टवर काढायची असलेल्या या मुलीला २०११ नंतर युरोपात हे मिळणार नव्हतं, आणि पसरलेल्या कॅन्सरच्या पन्नाशीच्या बाईला मात्र मिळत होतं.

दरम्यान औषध नेमकं करतं काय हेही बदललं. आधी समज असा की डॉक्सोरुबिसिन लोहाच्या मदतीने घातक ऑक्सिजनचे रेणू तयार करतं आणि डेक्सराझोक्सेन लोह पकडून ठेवतं. पण लोह पकडणारी बाकीची औषधं हार्टला तसं वाचवत नव्हती. २०१२ मध्ये उंदरांवरच्या कामात दिसलं की हार्टच्या पेशीतलं टोपोआयसोमेरेझचं बीटा रूप काढून टाकलं तर डॉक्सोरुबिसिनची इजा खूपच कमी होते. वाढत्या कॅन्सर पेशीत अल्फा रूप भरपूर असतं, मोठ्या माणसाच्या हार्टमध्ये मुख्यतः बीटाच. डेक्सराझोक्सेन हे बीटा बांधून ठेवतं आणि पेशी ते मोडीत काढते, मग डॉक्सोरुबिसिनला अडकायला जागाच कमी उरते. आधी द्यायचं का, याचंही उत्तर इथेच मिळतं.

नंतर मुलांच्या ल्युकेमियाच्या ट्रायल्स पुन्हा तपासल्या तेव्हा दुसऱ्या कॅन्सरचं वाढलेलं प्रमाण तिथे दिसलं नाही. २०१७ मध्ये युरोपने बंदी सैल केली: एकूण ३०० पेक्षा कमी डॉक्सोरुबिसिन मिळणार असेल त्या मुलांनाच नको, त्या वरच्यांना द्यायला हरकत नाही. वरच्या मुलीचे ४५० आता बसतात. २०२३ मध्ये जुन्या ट्रायल्समधल्या मुलांना सुमारे १८ वर्षांनी पुन्हा बोलावून इको केल्याचा निकाल आला, डेक्सराझोक्सेन मिळालेल्यांचं हार्ट जास्त चांगलं आकसत होतं आणि २५० किंवा त्याहून जास्त डोस झालेल्यांत फायदा ठळक होता.

म्हणजे २५० ते ३०० च्या मधली मुलं अजून अधांतरीच. युरोपच्या अटीत ती बंदीच्या बाजूला पडतात, आणि लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत मात्र २५० पासूनच हाय रिस्क धरून दर दोन वर्षांनी इको सांगितलेला आहे.